गणितानंतर केमिस्ट्री डोक्यात शिरतच नाही? आधी दोन दिवस वेळ लिहून बघा

बारावी सायन्सच्या मुलांकडून दरवर्षी ऐकू येणारी एक तक्रार आहे. सकाळी गणित छान होतं, फिजिक्सही बरं जातं, पण तिसऱ्या विषयाला बसलं की अर्धा तास पान नुसतं समोर पडून राहतं. मग तो विषय रोज मागे पडतो आणि दिवाळीपर्यंत मूल म्हणायला लागतं, ‘हा विषय माझा नाहीच.’ मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वर्गातल्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते : जड विषयानंतर हलका विषय घ्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची महिनाभर माझ्याकडे अभ्यासाला होती, तेव्हा या सल्ल्यातली खरी अडचण मला कळली. विषय जड किंवा हलका नसतो. जड किंवा हलकं असतं ते त्या तासातलं काम. हा फरक न कळल्यामुळे वेळापत्रकं बदलूनही दुखणं तसंच राहतं.

आल्यावर चौथ्या दिवशी भाची म्हणाली, “मावशी, मला केमिस्ट्री जमतच नाही गं. वाचते, पण काही राहतच नाही.”

तिचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं. सकाळी ६ ते ८ गणित, ८.३० ते १०.३० फिजिक्स, ११ ते १ केमिस्ट्री. दुपारी ३ ते ५ पुन्हा गणित, ५.३० ते ७.३० फिजिक्स आणि रात्री ८.३० ते १० इंग्रजी. गणितात त्या दिवसांत इंडेफिनिट इंटिग्रेशन चालू होतं, फिजिक्समध्ये रोटेशनल डायनॅमिक्सची गणितं आणि केमिस्ट्रीत सोळा, सतरा, अठरा गटांची मूलद्रव्यं. इंग्रजी सोडलं तर पाचही बैठका दोन-दोन तासांच्या आणि पाचही जड. पण ते मला तेव्हा दिसलं नाही. मीही आधी केमिस्ट्रीकडेच संशयानं पाहिलं.

आधी मोजा, मग बदला

वेळापत्रक लगेच फाडून नवं करू नका. दोन-तीन दिवस जे चाललंय ते चालू द्या आणि फक्त दोन वेळा लिहा. वहीच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात बसल्याची वेळ टाका. पुस्तकात न बघता पहिली गोष्ट स्वतःच्या हातानं पुरी झाली की त्याच्याखाली ती वेळ टाका. गणितात ते पहिलं सुटलेलं उदाहरण असेल, केमिस्ट्रीत आठवून लिहिलेली पहिली अभिक्रिया, फिजिक्समध्ये पहिलं डेरिव्हेशन किंवा पहिलं गणित. या दोन वेळांतलं अंतर म्हणजे त्या विषयात मन लागायला गेलेला वेळ. ‘आज बरं वाटलं’, ‘आज कंटाळा आला’ यातून काही हाती लागत नाही, पण या अंतरातून लागतं.

भाचीच्या पहिल्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या : गणित ६.०० ला सुरू, पहिलं उदाहरण ६.०८ ला. फिजिक्स ८.३० ला सुरू, पहिलं गणित ८.४७ ला. केमिस्ट्री ११.०० ला सुरू आणि पहिली अभिक्रिया ११.३४ ला. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा आकडा ३१ मिनिटं आला. तिसऱ्या दिवशी मी तिला फक्त एक बदल करायला सांगितला. केमिस्ट्री सकाळी सहाला घे, बाकी सगळं पुढे सरकव. त्या दिवशी केमिस्ट्री लागली ९ मिनिटांत, आणि तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या फिजिक्सला लागली २९ मिनिटं.

म्हणजे केमिस्ट्री निर्दोष होती. त्रास तिसऱ्या जागेचा होता.

ही अदलाबदलीची चाचणी प्रत्येकानं करावीच. मागे पडणारा विषय एक दिवस सकाळी पहिला घ्या. तरीही पंचवीस-तीस मिनिटं जात असतील तर क्रम बदलून काही होणार नाही, कारण अडचण धड्याच्या पायात आहे. एका विद्यार्थ्याचं केमिकल कायनेटिक्स सकाळीही अडत होतं. शोधत गेल्यावर कळलं की त्याला लॉग टेबल नीट वापरता येत नव्हतं, अँटिलॉगला तर तो प्रत्येक वेळी अडखळत होता. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे हे शिकण्यावाचून सुटका नव्हती. त्याला दोन दिवस फक्त लॉग टेबल करायला लावलं. वेळापत्रकाला हातही लावला नाही.

अडकण्याचे तीन प्रकार, बाहेरून सारखेच दिसणारे

तिसऱ्या जागेला त्रास होतो हे कळलं, पण तो का होतो हे वेगवेगळं असू शकतं आणि उपायही त्याप्रमाणे बदलतात.

पहिला प्रकार म्हणजे मागच्या विषयाचं शेपूट. मागचं काम अर्धवट सोडून उठलं की डोक्याचा एक भाग तिथेच राहतो. याची खूण सोपी आहे : पहिली पंधरा-वीस मिनिटं वाया जातात आणि मग गाडी रुळावर येऊन नीट चालते. दुसरी खूण वहीत सापडते. भाचीच्या केमिस्ट्रीच्या वहीत समासात बारीक अक्षरात `∫√(tan x) dx` लिहिलेलं मला दिसलं. खाली दोन ओळी खोडलेल्या होत्या. सकाळी आठ वाजता ते उदाहरण अडलं होतं, घड्याळ बघून ती उठली होती, आणि सव्वाअकराला झेनॉनची फ्लोराइडं समोर असताना हात आपोआप त्या उदाहरणाकडे गेला होता.

या गोष्टीचा मानसशास्त्रात अभ्यास झालेला आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की पहिलं काम अपुरं टाकून दुसऱ्या कामाला बसलेल्या माणसाचं लक्ष काही प्रमाणात पहिल्या कामाशीच चिकटून राहतं आणि दुसरं काम कच्चं होतं. पुढे २०१८ मध्ये तिनं आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी त्यावरचा एक साधा उपायही तपासला. त्याचा आम्हाला पुढे फार उपयोग झाला.

दुसरा प्रकार म्हणजे नुसता थकवा. यात पहिली वीस मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं सारखीच वाईट जातात. सोप्या गोष्टीत चुका होतात, उणे चिन्ह सुटतं, उदाहरणातला आकडा वहीत उतरवतानाच चुकतो. लागायला किती वेळ गेला याच्याबरोबर बैठकीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या चुकाही मोजा. त्या वाढलेल्या दिसल्या तर मागच्या जड बैठका लांब झाल्या आहेत असं समजा. भाचीच्या बाबतीत दुपारच्या गणिताचं हेच होत होतं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण अभ्यास करताना काहीच त्रास होत नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी पाठोपाठ केल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि चूक दुसऱ्या दिवशी बाहेर येते. आपल्या बोर्डाच्या बारावीत याचं हमखास ठिकाण आहे थर्मोडायनॅमिक्स. फिजिक्सच्या पुस्तकात तो चौथा धडा आहे आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकातही चौथाच. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच सुमारास शिकवले जातात. फिजिक्समध्ये सूत्र येतं `ΔU = Q − W`, कारण तिथे वायूनं बाहेर केलेलं कार्य अधिक धरतात. केमिस्ट्रीत येतं `ΔU = Q + W`, कारण तिथे वायूवर केलेलं कार्य अधिक धरतात. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्यानं प्रसरण पावून २०० ज्यूल कार्य केलं, तर फिजिक्सच्या रीतीनं `500 − 200 = 300`. केमिस्ट्रीच्या रीतीनं कार्य उणे २०० धरायचं, म्हणून `500 + (−200) = 300`. उत्तर एकच. पण दोन्ही धडे एका सकाळी पाठोपाठ केलेली मुलं दुसऱ्या दिवशी बेधडक ७०० लिहितात : सूत्र केमिस्ट्रीचं आणि कार्याचं चिन्ह फिजिक्सचं. ‘केमिस्ट्री हलकी आहे, फिजिक्सनंतर घे’ असं सांगणाऱ्यानं या धड्यांच्या आठवड्यात तरी तसं सांगू नये.

हलकं म्हणजे नक्की काय

इथे माझीही चूक झाली होती आणि ती सांगायला हवी, कारण पुष्कळ घरांत तीच होते. भाचीला मी आधी सुचवलं की फिजिक्सनंतर इंग्रजी घे, इंग्रजी हलकं आहे. तिनं घेतलं. त्या तासात न वाचलेला उतारा आणि त्यावरचे प्रश्न होते. लागायला २६ मिनिटं गेली आणि उत्तरांत ती नेहमीपेक्षा जास्त चुकली. नंतर विचार केल्यावर कारण लक्षात आलं. नवा उतारा वाचताना मागचं वाक्य डोक्यात धरून पुढचं वाचायचं असतं, लेखकाचा रोख पकडायचा असतो. दमलेल्या डोक्याला नेमकं हेच जमत नाही. मी विषयाचं नाव बघून हलकं ठरवलं होतं, तासात करायचं काय ते बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एक कसोटी वापरते. पुस्तक न उघडता त्या कामाची पहिली ओळ आत्ता लिहिता येते का? येत असेल तर काम हलकं. थांबून विचार करावा लागत असेल तर जड, मग विषय कोणताही असो.

या कसोटीवर भाचीच्या तिन्ही विषयांची उलथापालथ झाली. केमिस्ट्रीतली ऑरगॅनिकची कन्व्हर्जन्स आणि आयोनिक इक्विलिब्रियाची गणितं जड निघाली. मागच्या आठवड्यात पाठ केलेल्या कॉन्टॅक्ट प्रोसेसच्या पायऱ्या न बघता लिहून काढणं हलकं निघालं. फिजिक्समध्ये नवं डेरिव्हेशन जड, पण झालेल्या धड्याच्या व्याख्या, एककं आणि वेव्ह ऑप्टिक्सच्या आकृत्या पुन्हा काढणं हलकं. प्रॅक्टिकलचं जर्नल पुरं करणं तर एकदम हलकं. जर्नल मुलं जानेवारीपर्यंत साठवून ठेवतात आणि मग रात्री जागून लिहितात. रोजच्या दोन जड बैठकांच्या मधली जागा त्यासाठी अगदी योग्य आहे. गणितातही हलकं काम असतं : मॅट्रिसेससारख्या पक्क्या झालेल्या धड्याची ओळखीची उदाहरणं, किंवा सूत्रांचा कागद स्वतः लिहून काढणं. म्हणजे गणितानंतर गणितही घेता येतं, काम बदललं की झालं.

हलक्या कामात अजून एक गोष्ट बघा. हातानं करायचं काहीतरी त्यात असलं पाहिजे. व्हिडिओवर लेक्चर बघणं मुलांना हलकं वाटतं आणि ती नेमकं जड विषयानंतर ते लावतात. डोळे पडद्यावर असतात आणि डोकं मागच्या उदाहरणात. लिहायला लागलं की हात थांबल्याबरोबर कळतं की मन भरकटलं. नुसतं बघताना ते कळतच नाही. आणि मोबाइलवरचे रील्स हे हलकं कामही नाही आणि विश्रांतीही नाही. दहा मिनिटांच्या सुट्टीत मोबाइल घेतलेल्या दिवशी भाचीचे सगळे आकडे वर गेले. दोनदा खात्री केल्यावर मी तिचा मोबाइल दुपारपर्यंत स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवायला लागले. ती कुरकुरली नाही, कारण आकडे तिनंच लिहिलेले होते.

हलक्या कामाला तीस-चाळीस मिनिटं पुरेत. त्याहून लांबलं की मूल त्यात रमतं आणि पुढची जड बैठक टाळायला लागतं. संध्याकाळी वहीत पानं भरपूर दिसतात, पण नवं काहीच झालेलं नसतं.

बैठक कशी मिटवायची

शेपूट सोडवण्याचं काम पुढच्या विषयात होत नाही. ते मागच्या विषयाच्या शेवटच्या दहा मिनिटांत करावं लागतं. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच दहा मिनिटांनी पडला, वेळापत्रकातल्या फेरफारापेक्षाही.

शेवटच्या दहा मिनिटांत नवं अवघड उदाहरण उघडायचं नाही. घड्याळात दहा मिनिटं राहिली की ओळखीच्या प्रकारातलं एक छोटं उदाहरण घ्यायचं आणि ते पूर्ण सोडवून खाली रेघ मारायची. अडलेलं उदाहरण असेल तर त्याच्याखाली दोन ओळी लिहायच्या : कुठपर्यंत आले आणि पुढची पायरी काय करून बघणार. लेरॉय आणि ग्लोम्ब यांनी तपासलेला उपाय हाच होता. काम सोडण्याआधी मिनिटभर थांबून ‘कुठे आहे, काय राहिलं’ हे लिहिलेल्यांचं पुढच्या कामात जास्त चांगलं लक्ष लागलं.

‘उद्या करू’ एवढं लिहून भागत नाही. ओळ नेमकी हवी. भाचीच्या त्या उदाहरणाखाली आम्ही असं लिहिलं : “`t² = tan x` धरलं. आलं `∫ 2t²/(1+t⁴) dt`. इथे अडलं. पुढे : वरचं `2t²` फोडून `(t²+1) + (t²−1)` करायचं, दोन वेगळी इंटिग्रल्स, मग वर-खाली `t²` नं भागून बघायचं.” उदाहरण सुटलं नव्हतं, पण आता ते कागदावर होतं आणि डोक्यानं ते धरून ठेवायची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बारा मिनिटांत ते पुरं केलं. पुढची पायरी सुचतच नसेल तर ‘सरांना विचारायचं : छेदात `t⁴` आलं की काय करतात?’ एवढा नेमका प्रश्न लिहिला तरी चालतो.

मग वही मिटायची आणि टेबलावरून उचलून ठेवायची. हे क्षुल्लक वाटेल, पण गणिताची उघडी वही केमिस्ट्रीच्या बाजूला पडून राहिली तर नजर तिकडे जातेच. पुढच्या विषयाची वही रात्रीच पान उघडून, खूण घालून ठेवलेली असावी, म्हणजे काय करायचं हे ठरवण्यात वेळ जात नाही. मधली दहा मिनिटं उठायचं, पाणी प्यायचं, गच्चीत किंवा ओट्यावर एक फेरी मारायची.

नवा दिवस कसा झाला

सकाळी ६ ते ७.२० इंटिग्रेशन, त्यातली शेवटची दहा मिनिटं मिटवण्याची. चहा झाला की ७.३० ते ८.१० केमिस्ट्रीचं आधी पाठ झालेलं, न बघता लिहायचं. आंघोळ आणि नाश्ता यात नऊ वाजायचे. ९ ते १०.२० रोटेशनल डायनॅमिक्सची गणितं. १०.३० ते ११.१० जर्नल किंवा इंग्रजीचं पत्रलेखन, ज्याचा साचा तिला येत होता. ११.२० ते १२.३० केमिस्ट्रीतलं नवं. ही तिसरी जड बैठक, आधीच्यापेक्षा मुद्दाम छोटी.

जेवणानंतर मी आधी पुन्हा गणित ठेवलं होतं आणि ते पडलं. अडीच वाजता डोळे मिटत होते. म्हणून दुपारी क्रम उलटा केला : आधी हलकं, मग जड. २.३० ते ३.१० आकृत्या आणि सूत्रं, तेही उभं राहून फळ्यावर. ३.२० ते ४.३० गणिताचा दुसरा धडा. जेवणानंतरच्या सुस्तीत हलक्या कामानं सुरुवात करावी हे मला या मुलीकडून कळलं. ‘जड आधी’ हा नियम सकाळपुरताच खरा आहे. संध्याकाळी एक तास फिजिक्सचं नवं वाचन, आणि रात्री ८.३० ते ९.१५ फक्त पाठांतर. रात्री नवं उदाहरण नाही, कारण अडलं तर ते अंथरुणात येतं.

भाची घाबरली. “मावशी, आधी साडेअकरा तास व्हायचे, आता पावणेनऊच होतील!” तिची भीती खरी होती, तास कमी झालेच. म्हणून आम्ही तास मोजायचं सोडून उदाहरणं मोजली. आधी दोन तासांच्या बैठकीत इंटिग्रेशनची नऊ उदाहरणं सुटायची. नव्या क्रमाच्या आठव्या दिवशी ८० मिनिटांत आठ सुटली. साडेअकराच्या सुमाराच्या केमिस्ट्रीला लागायचा वेळ ३४ मिनिटांवरून १२ वर आला होता. शून्यावर तो कधीच येत नाही, सात-आठ मिनिटं सगळ्यांनाच लागतात. तेवढ्यावरून मुलाला बोलू नये.

चार-पाच दिवसांत आकडा हलला नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मिटवण्याची दहा मिनिटं खरंच होतायत का ते वही उघडून बघा, रेघ आणि दोन ओळी दिसल्या पाहिजेत. मग हलकं म्हणून घेतलेलं काम कसोटीवर उतरतं का ते बघा. बैठकीची लांबी त्यानंतर.

क्रम आपल्या हातात नसेल तर

क्लासला जाणाऱ्या मुलांचा सकाळचा क्रम क्लासच ठरवतो. फिजिक्स, गणित, केमिस्ट्री सलग तीन तास, मध्ये पाच मिनिटं. तिथे दोन तासांच्या मधल्या त्या पाच मिनिटांतलं एक मिनिट तरी वहीच्या शेवटच्या ओळीला द्या : काय कळलं नाही, ते नेमकं लिहा. घरी आल्यावर पहिली बैठक हलकी ठेवा आणि ती क्लासमध्ये शेवटी झालेल्या विषयाचीच असू द्या. वहीतल्या अर्धवट ओळी पुऱ्या करायच्या, आकृत्या नीट काढायच्या. ती शेपटं तिथेच कापली जातात. जड बैठक त्यानंतर.

सारख्या दिसणाऱ्या धड्यांचं मात्र वेगळं आहे. ते आधी दूर ठेवायचे, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, किंवा वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही आपापल्या जागी पक्के झाले की एक दिवस मुद्दाम शेजारी आणायचे. आम्ही एका कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे फिजिक्सचं थर्मोडायनॅमिक्स आणि उजवीकडे केमिस्ट्रीचं लिहिलं, आणि तेच ५०० ज्यूलचं गणित दोन्ही बाजूंनी सोडवलं. कच्चे असताना शेजारी ठेवले तर गोंधळ होतो, पक्के झाल्यावर ठेवले तर फरक ठसतो.

आणि हा सगळा क्रम परीक्षेच्या महिनाभर आधी हळूहळू मोडावा लागतो. एमएचटी-सीईटीत पीसीएम घेणाऱ्यांना पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे १०० प्रश्न असतात आणि पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे सगळ्यात जड काम सगळ्यात शेवटी, दमलेल्या डोक्यानं, आणि मध्ये हलकं काहीच नाही. वर्षभर गणित सकाळी ताज्या डोक्यानंच केलेल्या मुलांना तिथे धक्का बसतो. भाची आता आठवड्यातून दोनदा आधी ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न सोडवते आणि न उठता गणिताला बसते. पहिल्यांदा केलं तेव्हा गणिताचा पहिला प्रश्न सुटायला तिला ११ मिनिटं लागली. परवा फोनवर तिनं आकडा सांगितला, ४.